फाइल चुकीच्या क्लायंटला गेली, आणि माफीसुद्धा तिकडेच चालली होती

"मॅडम, काल एका क्लायंटची कॉन्फिडेन्शियल फाइल मी दुसऱ्याच क्लायंटला मेल केली. दोघांची पहिली नावं सारखी आहेत. रात्रभर झोप नाही. माफी मागून फाइल डिलीट करायला सांगायचंय पण जे लिहितेय ते एकतर फार लाचार वाटतंय नाहीतर फार कोरडं. आणि जिची फाइल होती तिला सांगायचं का, की डिलीट झाली की विषय संपला?"

मागे माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, त्यांचीच गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. त्या छोट्या कंपन्यांचे पगाराचे हिशोब बघायच्या. गुरुवारी संध्याकाळी निघायच्या घाईत त्यांनी एका कंपनीचं पगारपत्रक पाठवलं, 43 लोकांची नावं, पगार, बँकेचे खाते नंबर, सगळं एका शीटमध्ये. नावाची पहिली तीन अक्षरं टाइप केली, मेलने खाली नाव सुचवलं, एंटर मारला. खरी क्लायंट दहा मिनिटांनी विचारते, शीट आली नाही अजून? तेव्हा सेंटमध्ये जाऊन बघितलं आणि पायाखालची जमीन सरकली.

पुढच्या वीस मिनिटांत त्यांनी जे केलं तेच बहुतेक सगळे करतात म्हणून सांगते. आधी मेल रिकॉल करून बघितला. रिकॉल साधारणपणे आपल्याच ऑफिसच्या मेल सिस्टीमवरच्या लोकांसाठी चालतो, बाहेरच्या क्लायंटच्या इनबॉक्समधून तो काही उचलून आणत नाही, आणि जीमेलमधलं अनडू फार तर 30 सेकंद असतं, तेही आधी सेटिंगमध्ये वाढवून ठेवलं असेल तर. मग फोन, एकामागून एक सात. त्या गृहस्थांनी उचलला नाही. मग व्हॉट्सअॅपवर, "सर प्लीज प्लीज मेल उघडू नका, खूप मोठी चूक झालीये." आता सांगा, असा मेसेज आल्यावर कोण उघडणार नाही? मी तर पहिल्यांदा तेच उघडलं असतं.

शुक्रवारी सकाळी माझ्यासमोर बसल्या तेव्हा फोनमध्ये माफीच्या मेलचा ड्राफ्ट होता, दीड पान. साहेबांना अजून सांगितलं नव्हतं, म्हणाल्या आधी डिलीट झाल्याचं कळू दे मग सांगते, म्हणजे निदान "मिटवलंय" असं सांगता येईल. ड्राफ्ट मी मोठ्याने वाचला. बारा वर्षांत माझ्याकडून असं कधी झालं नाही, मी स्वतःला माफ करू शकत नाही, माझी नोकरी जाऊ शकते, घरी आजारपण चालू होतं म्हणून लक्ष नव्हतं… आणि अगदी शेवटच्या ओळीत, कृपया फाइल डिलीट करावी ही विनंती.

मी विचारलं, हा मेल वाचून त्या माणसाने काय करायचं?

"मला माफ करायचं."

आणि फाइलचं काय?

त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "ते तर शेवटी आलंय."

मला जे सांगायचंय ते इथेच आहे. ज्या माणसाला फाइल चुकून गेली त्याचं आपण फारसं काही बिघडवलेलं नसतं, त्याला थोडा त्रास दिलेला असतो. बिघडवलेलं असतं ते जिची फाइल होती तिचं, आणि त्या 43 लोकांचं, ज्यांना यातलं काहीच माहीत नाही. पण ज्याच्याकडे फाइल आहे त्याची भीती जास्त वाटते ना, म्हणून सगळी कळकळ त्याच्याकडे वाहते आणि खऱ्या क्लायंटला सांगायचंच राहून जातं. म्हणजे आधी फाइल चुकीच्या पत्त्यावर गेली आणि आता माफीही तिकडेच निघालेली. हे म्हटल्यावर त्या रडता रडता हसल्या.

तुम्ही लाचार आणि कोरडं म्हणताय ना, त्याचंही कारण मला हेच वाटतं. एकाच मेलमध्ये दोन वेगळ्या माणसांशी बोलायचा प्रयत्न चाललाय. ते दोन मेल सुटे केले की सूर आपोआप सापडतो.

पण दोन्हीच्या आधी साहेब. त्यांनी माझ्या खोलीतूनच फोन केला, तीन वाक्यांत: काय गेलं, कोणाला, किती वाजता. साहेब चिडले, चिडणारच होते, पण पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो म्हणजे खऱ्या क्लायंटला कळवलं का? कारण बऱ्याच करारांत असं काही झालं की लगेच कळवायचं असं लिहिलेलं असतं, आणि काही कायद्यांत मुदतही असते, युरोपच्या जीडीपीआरमध्ये लोकांना धोका संभवत असेल तर कळल्यापासून 72 तासांच्या आत संबंधित प्राधिकरणाला सांगावं लागतं. तुमच्याकडे कुठला नियम लागतो ते तुमच्या ऑफिसला माहीत असेल. पण रात्रभर एकटीने "आधी मिटवते मग सांगते" करण्यात तेच तास जातात, आणि नंतर उघड झालं तर चूक मागे पडते आणि लपवणं पुढे येतं.

मग आम्ही पहिला मेल बसून लिहिला. विषयाच्या ओळीतच काम: "काल संध्याकाळी 5:40 ला चुकून पाठवलेली फाइल, कृपया डिलीट करा". आणि आत:

"नमस्कार सर, काल संध्याकाळी 5:40 ला माझ्याकडून तुम्हाला आलेल्या मेलमधली फाइल तुमच्यासाठी नव्हती, पत्ता निवडताना माझी चूक झाली. त्यात दुसऱ्यांची खाजगी माहिती आहे. कृपया तो मेल डिलीट करा आणि ट्रॅशमधूनही काढा. फाइल फोनवर किंवा कॉम्प्युटरवर डाउनलोड झाली असेल तर तिथूनही काढा. फाइल उघडली असेल किंवा पुढे कोणाला पाठवली असेल तर तेवढं सांगा, त्यात तुमची काही चूक नाही, मला पुढची व्यवस्था करायला ते माहीत असणं गरजेचं आहे. डिलीट झाल्यावर याच मेलला एका ओळीचं उत्तर द्या. काल इतके फोन आणि मेसेज केले त्याबद्दल, आणि या सगळ्या त्रासाबद्दल मनापासून सॉरी."

ट्रॅशचं मुद्दाम लिहिलं, कारण लोक डिलीट दाबतात आणि त्यांना वाटतं गेलं, पण जीमेलच्या ट्रॅशमध्ये मेल 30 दिवस तसाच पडून असतो. डाउनलोडचं तर लक्षातच येत नाही, फोनवर नुसती बघायला म्हणून उघडलेली फाइलही कधीकधी डाउनलोडमध्ये जाऊन बसते. खऱ्या क्लायंटचं किंवा कंपनीचं नाव मेलमध्ये कुठेच घातलं नाही, समोरच्याने नीट बघितलं नसेल तर आपणच कशाला सांगायचं. आणि "कोणती फाइल ते कळावं म्हणून" तीच फाइल पुन्हा जोडायची नाही, हसू नका, असं केलेले लोक मी बघितलेत.

त्यातल्या "उघडली असेल तर सांगा, तुमची चूक नाही" या वाक्यावर आमचं सगळ्यात जास्त बोलणं झालं. त्यांना लिहायचं होतं "उघडू नका". मी म्हटलं तो मेल काल गेलाय, आज "उघडू नका" लिहिलं तर ज्याने उघडलाय तो माणूस एकदम गुन्हेगार होतो, आणि मग तो सरळ म्हणतो नाही हो, मी बघितलाच नाही. आपल्याला त्याला अडकवायचं नाहीये, खरं काय ते कळायला हवंय, म्हणून खरं बोलायला त्याला जागा ठेवायची. कायदेशीर कारवाईची धमकी किंवा मेलच्या तळाशी असतो तो भलामोठा इशारा पुढे करणं, तेही याच कारणासाठी नको. माणूस बिचकला की उत्तरच देत नाही.

आणि झालंही तसंच. दुपारी उत्तर आलं, काढून टाकलं, पण काल मला कळेना हे काय आहे म्हणून आमच्या अकाउंट्सवाल्याला फॉरवर्ड केलं होतं, त्यालाही सांगतो. "उघडू नका" लिहिलं असतं तर हे फॉरवर्ड आम्हाला कधी कळलंच नसतं. त्या अकाउंट्सवाल्याकडूनही एक ओळ मागून घेतली. (उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी एक फोन आणि एक आठवण, साहेबांना कॉपीत ठेवून. सात फोन नाही.)

दुसरा मेल त्याच सकाळी गेला, डिलीट झाल्याचं उत्तर यायची वाट न बघता. हा खऱ्या क्लायंटला, आणि त्याआधी त्यांनी तिला फोन केला कारण अशी गोष्ट आधी आवाजातून कळलेली बरी. यात माफी पहिल्या वाक्यात: "तुमच्या कंपनीचं पगारपत्रक काल माझ्या चुकीमुळे आमच्या दुसऱ्या एका क्लायंटकडे गेलं. याची जबाबदारी माझी आहे आणि मला याचं खूप वाईट वाटतंय." मग शीटमध्ये नेमके कोणते कॉलम होते, किती वाजता गेलं, आम्ही काय केलंय, अजून काय बाकी आहे. घरातलं आजारपण नाही, बारा वर्षं नाहीत. ते खरं होतं पण ते माझ्या खोलीत बोलायचं होतं, आणि पुढचे दोन सेशन आम्ही तेच बोललो.

संध्याकाळी त्याच क्लायंटला आणखी एक मेल करताना एका शब्दावर मी त्यांना थांबवलं. त्यांनी लिहिलं होतं "फाइल आता कुठेही नाही". हे आपल्याला कुठे माहीत असतं? बॅकअपमध्ये असेल, कोणी स्क्रीनशॉट काढला असेल. आपल्याला एवढंच माहीत असतं की त्या दोघांनी डिलीट केल्याचं लेखी कळवलंय, तर तेवढंच लिहायचं. या अनिश्चिततेसकट जगणं हे त्यांना सगळ्यात जड गेलं, झोपही त्यामुळेच जात होती, माफीमुळे नाही.

ती क्लायंट गोड काही बोलली नाही. फोनवर बराच वेळ शांत होती, मग म्हणाली माझ्या लोकांना मलाच सांगावं लागणार आता. तिने सांगितलंही. काम तोडलं नाही पण यापुढे शीट मेलला जोडायची नाही, पासवर्ड लावलेल्या लिंकने द्यायची आणि पासवर्ड फोनवर सांगायचा असं ठरवून घेतलं. लिंकचं एक बरं असतं, चुकीच्या माणसाकडे गेली तर अॅक्सेस काढून घेता येतो, त्याने आधीच उतरवून घेतली नसेल तर. आमच्या बाईंनी मेलमधली सुचवलेली जुनी नावं काढून टाकली आणि पाठवलेला मेल दोन मिनिटं थांबून जाईल असा नियम लावून घेतला.

तेव्हा तुमचं सांगायचं तर हो, जिची फाइल होती तिला सांगायचं, डिलीट झाली तरी सांगायचं, आणि आज सांगायचं. तुम्ही लिहिलेला तो लाचार वाटणारा ड्राफ्ट फेकू नका, त्यातली जबाबदारी घेणारी दोन-तीन वाक्यं उचलून तिच्या मेलमध्ये घाला, तिथे ती लाचार वाटणार नाहीत. कोरडा ड्राफ्ट ज्यांच्याकडे फाइल चुकून गेली त्यांना, फक्त त्यात एक सॉरी आणि ते "उघडली असेल तर सांगा" घालून. आणि साहेबांना फोन आधी, हे वाचून झालं की लगेच.