वारा ताशी २०० किमीचा, मग विक्षोभ इतका हळू का?

प्रश्न: जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा, ताशी २०० किमीने पळते म्हणतात, मग भूमध्य समुद्राकडून निघालेला, हिवाळ्यात बर्फ-पाऊस आणणारा पश्चिमी विक्षोभ काश्मीरला यायला तीन दिवस का लावतो?

कारण विक्षोभ म्हणजे वाऱ्यात पडलेली लाट आहे. वारा तिच्यातून आरपार निघून जातो, लाट मागे रेंगाळते. मी ठाण्यात राहतो, इथलंच बघा, घोडबंदरला गायमुखच्या घाटात जॅम लागतो तेव्हा पुढच्या गाड्या सुटत असतात, मागून नवीन येऊन अडकत असतात, गाड्या बदलतात पण जॅम तिथेच असतो.

आता हिशोब करू. सायप्रस ते श्रीनगर साधारण ३,८०० किमी. २०० च्या स्पीडने १९ तासात यायला हवं. पण तो २०० चा वारा फक्त १२ किमी उंचीवरच्या अरुंद पट्ट्यात असतो, आणि विक्षोभ खालपासून वरपर्यंत उभा असतो, त्यामुळे त्याला ढकलतो तो मधला, साडेपाच किमीच्या आसपासचा वारा. तो धरा ताशी ७०. त्यात परत पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम उत्तरेकडे वाढत जातो, त्यामुळे अशी लाट वाऱ्याच्या तुलनेत पश्चिमेकडे सरकते. हे गणित हवामानशास्त्रज्ञ रॉस्बीने १९३९ मध्ये मांडलं. ३,००० किमी लांबीच्या लाटेला हा मागचा ओढा ताशी १५ किमीच्या आसपास येतो, म्हणजे उरले ५५, आणि ३,८०० भागिले ५५ केलं की ६९ तास, तुमचे तीन दिवस!

मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. लाट दुप्पट लांब झाली की ओढा चौपट होतो, म्हणजे ७० मधून ६० गेले, उरले १०. अशी लाट जवळपास एका जागी बसते आणि तिच्या पूर्वेच्या बाजूला, जिथे हवा वर चढते, तिथे दिवसेंदिवस बर्फ-पाऊस चालू राहतो. वरचा वारा तेवढाच जोरात असतो तरीही. म्हणून नुसता जेटचा स्पीड बघून अंदाज बांधला की हमखास फसतो.

जानेवारीत सकाळी गच्चीवरून मला कधी कधी पिसांसारखे ढग पश्चिमेकडून पूर्वेला सरकताना दिसतात आणि अंगाला लागणारा वारा मात्र उत्तरेचा असतो. वरचे ढग जेटच्या बाजूचे, खालचा गारवा पुढे निघून गेलेल्या विक्षोभाच्या मागून आलेला. ठाण्यात पारा उतरतो तो सहसा असाच, काश्मीरात बर्फ पडून गेल्यावर दोनेक दिवसांनी.

हे सगळं हिवाळ्याचं हं, पावसाळ्यात ही जेट हिमालयाच्या उत्तरेला जाते आणि बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रं उलटी पश्चिमेकडे चालतात.

स्वतः बघायचं असेल तर विंडी या हवामानाच्या ॲपमध्ये उंची 500 hPa, म्हणजे तीच साडेपाच किमीच्या आसपासची, ठेवा, इराणवर वाऱ्याच्या रेषा खाली झोळ खाताना दिसल्या की तीच ती लाट, तो झोळ रोज त्याच वेळी बघून किती सरकला ते मोजा.