वही मिटल्यावर जे आठवते तेवढाच अभ्यास

प्रश्न : बारावीपर्यंत मॅडम फळ्यावर उत्तर लिहून द्यायच्या आणि आम्ही ते उतरवून घ्यायचो. आता एफ.वाय.बी.एस्सी.ला सर तासभर इंग्रजीतून बोलत राहतात. लिहायला गेले तर समजत नाही, समजून घ्यायला गेले तर लिहायचे राहते. मी मराठी माध्यमातून आले आहे. नोट्स कशा काढू? (प्रथम वर्ष विज्ञान, सातारा)

उत्तर : शिक्षक साधारण मिनिटाला सव्वाशे शब्द बोलतात आणि आपला हात त्याच वेळात वीस-पंचवीस शब्द लिहितो, म्हणजे पाचातले चार शब्द सोडावेच लागतात, आणि कोणते सोडायचे हे ठरवणे हेच नोट्स काढण्याचे काम आहे. त्यासाठी वहीचे पान आधीच आखून ठेवा. डावीकडे सहा सेंटिमीटरचा समास सोडा आणि तळाशी पाच सेंटिमीटरची पट्टी सोडा. ही पद्धत अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी रूढ केली. तासाला फक्त उजव्या मोठ्या भागात लिहायचे. समास आणि पट्टी त्या वेळी कोरीच राहिली पाहिजे.

समजा, रसायनशास्त्राच्या तासाला प्रथम कोटीच्या अभिक्रियेचा अर्धायुष्यकाळ शिकवला. सूत्राची सिद्धता पुस्तकात ओळ न् ओळ छापलेली असते, त्यामुळे ती उतरवण्यात तास घालवू नका; सुरुवातीचे समीकरण आणि शेवटचे सूत्र t½ = 0.693/k एवढेच लिहा. मात्र सरांनी जाता जाता सांगितलेले ‘सुरुवातीची संहती कितीही असली तरी अर्धे संपायला तेवढाच वेळ लागतो’ हे वाक्य टिपलेच पाहिजे, आणि फळ्यावरचे उदाहरण आकड्यांसह घेतले पाहिजे : k = 0.0231 प्रति मिनिट, म्हणून अर्धायुष्यकाळ ३० मिनिटे, म्हणून ९० मिनिटांनी मूळच्या एक-अष्टमांश पदार्थ शिल्लक. जिथे धागा सुटला तिथे ओळभर जागा सोडून प्रश्नचिन्ह करा आणि पुढे चला. मागचे वाक्य आठवत बसलात, तर पुढची तीनही जातात.

त्याच दिवशी संध्याकाळी दहा मिनिटे काढून समास भरा. समासात मथळे नकोत, प्रश्न हवेत. ‘अर्धायुष्यकाळ’ असा मथळा पाहून सगळे येते असे वाटते. ‘संहती दुप्पट केली तर अर्धायुष्यकाळ का बदलत नाही?’ हा प्रश्न पाहिला की येते की नाही ते लगेच कळते. एका तासाला चार ते सहा प्रश्न पुरे होतात. तळाच्या पट्टीत त्या तासाचे सार दोन वाक्यांत लिहा, तेही उजवा भाग झाकून.

भाषेबद्दल सांगायचे, तर समासातले प्रश्न खुशाल मराठीत लिहा, कारण विचार त्या भाषेत होतो. पण संज्ञा पहिल्या दिवसापासून उत्तरपत्रिकेत लिहायच्या तशाच, इंग्रजी स्पेलिंगसह लिहा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची अडचण बहुधा संकल्पनेत नसते, तीस-चाळीस संज्ञा आणि ‘डिराइव्ह’, ‘डिस्टिंग्विश’, ‘जस्टिफाय’ अशी प्रश्नांतली क्रियापदे यांत असते. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांची यादी वाढवत नेली, तर पहिल्या सत्राच्या अखेरीस ही अडचण बरीचशी मागे पडते.

प्रश्न : अकाउंट्सचा धडा मी तीन-तीनदा वाचतो, पेनने खुणा करतो, वाचताना सगळे समजते. पेपरमध्ये मात्र सुरुवात कुठून करायची हेच सुचत नाही. माझी स्मरणशक्ती कमी आहे का? (प्रथम वर्ष वाणिज्य, लातूर)

उत्तर : स्मरणशक्तीला दोष देण्याआधी सराव कशाचा झाला ते पाहा. तिसऱ्या वाचनात मजकूर ओळखीचा झाल्यामुळे सरसर पुढे जातो आणि ती ओळख म्हणजेच ज्ञान असे वाटू लागते. परीक्षेत मजकूर समोर नसतो. तो कोऱ्या पानावर स्वतः आणावा लागतो, आणि त्याचा सराव तुम्ही एकदाही केलेला नाही.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे लक्षात घेण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार टप्प्यांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच टप्प्यात वाचला आणि नंतर तीन वेळा उतारा न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. एका आठवड्यानंतर मात्र त्यांना उताऱ्याचा सुमारे ४० टक्के भाग आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. या निकालाचा पहिला अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण पुन्हा पुन्हा वाचणाऱ्याला आपली पद्धत चालते असे प्रामाणिकपणे वाटते, आणि पुस्तक मिटल्यानंतरची पाच मिनिटे ती खरोखर चालतेही.

तुमच्याच विषयात हे असे करता येईल. घसाऱ्याचे सोडवलेले उदाहरण एकदा नीट समजून घ्या, पुस्तक मिटा आणि तेच उदाहरण कोऱ्या कागदावर सोडवा. एक लाख रुपयांचे यंत्र आणि १० टक्के दर असेल, तर स्थिर हप्ता पद्धतीत दरवर्षी १०,००० रुपयेच कमी होतील, आणि घटत्या शिल्लक पद्धतीत पहिल्या वर्षी १०,०००, दुसऱ्या वर्षी ९,०००, तिसऱ्या वर्षी ८,१००. जिथे अडाल तिथे पेन्सिलीने रेघ मारा, पुस्तक उघडून तेवढेच पाहा, पुन्हा मिटा. दुसऱ्या दिवशी रेघेपासून नव्हे, पहिल्यापासून सोडवा.

आणखी एक गोष्ट. एकाच पद्धतीची दहा उदाहरणे सलग सोडवू नका, कारण दुसऱ्या उदाहरणापासून पद्धत ठरलेलीच असते आणि उरते ती निव्वळ आकडेमोड. दोन्ही पद्धतींची आणि मधूनच यंत्र अर्ध्या वर्षात विकल्याची उदाहरणे मिसळून घ्या. वेग मंदावेल, चुका वाढतील. पण ‘सुरुवात कुठून’ हा तुमचा नेमका प्रश्न त्यानेच सुटतो.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर सगळ्या विषयांच्या तयार नोट्सचे पीडीएफ येतात. मग वर्गात लिहायचेच कशाला? (प्रथम वर्ष कला, नाशिक)

उत्तर : त्या नोट्स ज्याने काढल्या, त्याचा अभ्यास झाला. त्यांचा उपयोग स्वतःची वही तपासण्यापुरता करा : आधी आपले पान झाकून आठवा, मग पीडीएफशी ताडून राहिलेले मुद्दे वेगळ्या रंगाने भरा. मागच्या वर्षीच्या पीडीएफवर विसंबण्यात दुसराही धोका आहे. अभ्यासक्रम बदललेला असतो आणि गळालेले प्रकरण मन लावून पाठ केल्याचे पेपरच्या दिवशी कळते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा चालू अभ्यासक्रम छापून वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा.

प्रश्न : दर महिन्याला नवे वेळापत्रक करते आणि चौथ्या दिवशी ते मोडते. उजळणी कधी आणि किती करायची याचे काही गणित आहे का? (प्रथम वर्ष विज्ञान, रत्नागिरी)

उत्तर : गणित आहे, आणि बहुतेक वेळापत्रके ते न मांडल्यामुळेच मोडतात. तुम्ही बहुधा ‘सात ते नऊ भौतिकशास्त्र’ असे लिहीत असाल. एके दिवशी घरी पाहुणे आले की ते दोन तास बुडतात, आणि नेमके काय बुडाले हेही कळत नाही. वेळापत्रक घड्याळावर न बांधता तासांच्या पानांवर बांधा.

प्रत्येक तासाच्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात चार तारखा लिहा : त्याच दिवसाची, तीन दिवसांनंतरची, दहा दिवसांनंतरची आणि महिन्यानंतरची. पहिल्या दिवशी समास भरण्यासाठी १० मिनिटे. पुढे उजवा भाग झाकून समासातल्या प्रश्नांची उत्तरे द्यायला अनुक्रमे ६, ५ आणि ५ मिनिटे. एका तासामागे ही एकूण २६ मिनिटे झाली. रोज चार व्याख्याने असतील, तर सगळी तारखांची साखळी सुरू झाल्यावर रोजचा भार १०४ मिनिटांचा, म्हणजे पावणेदोन तासांचा होतो. पहिल्या आठवड्यात तो यापेक्षा कमी असतो आणि महिन्याने पूर्ण होतो, हे आधीच माहीत असलेले बरे; नाहीतर चौथ्या आठवड्यात आपण मागे पडलो असे वाटून सगळेच सुटते. शनिवारी नवे काही ठेवू नका, राहिलेली पाने घ्या.

या तारखा दगडावरची रेघ नाहीत. सेपेडा आणि सहकाऱ्यांनी १,३५० हून अधिक लोकांवर केलेल्या २००८ सालच्या अभ्यासात असे दिसले, की परीक्षा जितकी दूर, तितके दोन उजळण्यांमधले अंतर मोठे ठेवणे फायद्याचे. आठवड्यावरच्या परीक्षेसाठी साधारण एक दिवसाचे अंतर बरे ठरले, तर काही महिन्यांनंतर आठवण्यासाठी सुमारे तीन आठवड्यांचे. म्हणून अंतर्गत चाचणी जवळ आली की तारखा जवळ ओढा. ज्या पानाची सगळी उत्तरे दहाव्या दिवशी न अडखळता आली, त्याची पुढची तारीख लांबवा. जिथे निम्मी चुकली, तिथे पुन्हा तीन दिवसांची तारीख घाला. आठवायला थोडे जड जाणे हे चांगले लक्षण आहे. सगळे सहज आठवत असेल, तर उजळणी फार लवकर होते आहे.

प्रश्न : हे सगळे ठीक आहे, पण माझा अकाउंट्सचा पेपर चार दिवसांवर आहे, चार युनिट आहेत आणि वही अर्धी कोरी. आता काय? (प्रथम वर्ष वाणिज्य, पनवेल)

उत्तर : रात्रभर जागून सगळे वाचून काढण्याचा मोह सोडा. जागरणाने दुसऱ्या दिवशीचे लक्ष जाते आणि आदल्या दिवशी वाचलेले मनात बसायला जी झोप लागते, तीही जाते.

आज पहिले दोन तास काहीही वाचू नका. प्रत्येक युनिटसाठी एक कोरा कागद आणि अर्धा तास घ्या, मागच्या प्रश्नपत्रिकांतले त्या युनिटचे प्रश्न समोर ठेवा आणि येईल तेवढे लिहा. कोणते युनिट निम्मे येते आणि कोणते अजिबात येत नाही हे दिसेल. सुरुवात निम्मे येणाऱ्यापासून करा, कारण त्याच तासांत तिथे जास्त गुण मिळतात. आजच्या उरलेल्या वेळात ते संपवा. उद्या सकाळी आधी अर्धा तास त्याच युनिटचे प्रश्न वही मिटून, मग दुसरे युनिट. परवा आधी त्या दोन्हींचे प्रश्न, मग तिसरे. अशाने प्रत्येक भागाच्या दोन भेटींमध्ये निदान एक रात्र येते. चौथ्या युनिटमधल्या फक्त व्याख्या आणि वारंवार येणारे दोन प्रश्न घ्या आणि बाकीचे सोडा, प्रश्नपत्रिकेत पर्याय असतील तर निर्धास्तपणे.

चौथ्या दिवशी सकाळी एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून पूर्ण लिहा. दुपारी तिच्यातल्या चुकांपुरतेच पुस्तक उघडा. संध्याकाळी सहानंतर नवे पान नको, मित्राने ‘हा प्रश्न नक्की येणार’ म्हणून पाठवलेलेही नको. पेपर झाला की त्या आठवड्यातच चौथे युनिट पुन्हा उघडा. दुसऱ्या सत्राचे अकाउंट्स तुम्हाला ते येते असे धरूनच सुरू होईल.