मानपत्रात तो पडलेला प्लॉट हवाच होता

“आमच्या विभागातले प्राध्यापक महिनाअखेरीला निवृत्त होतायत. सहकाऱ्यांतर्फे निरोपाचा मजकूर लिहायचाय. संशोधन आणि ज्युनियरांना केलेलं मार्गदर्शन, दोन्ही यायला हवं. कसं लिहू?”

आधी ‘ज्ञानाचा अथांग सागर’ खोडा. त्याच सागरात आमचे सर बुडाले, म्हणून सांगतोय.

मी सीमाभागातल्या चिकोडीकडचा. २००२ साली सांगलीकडं उसावर लोकरी मावा पडला आणि पाठोपाठ आमच्याकडंही आला. पान उलटं केलं की मधल्या शिरेलगत पांढरी लोकर. तिच्यातून चिकटा गळायचा खालच्या पानांवर, त्यावर काळी बुरशी चढायची. बघता बघता फड काळा. जो तो पंप पाठीला लावून धावत होता. सर कीटकशास्त्राचे. त्यांचं म्हणणं, फवाऱ्यानं मावा मरतो तशी त्याला खाणारी डिफाची अळीही मरते; मावा लवकर परततो, अळी नाही. मग आम्ही अळ्या असलेले पानांचे तुकडे कापून आणायचो आणि मावा लागलेल्या पानांना टाचायचो.

एका प्लॉटात तीन आठवड्यांनीही अळी दिसेना. मी नवखा, गुपचूप तो प्लॉट तक्त्यातून गाळला. सरांनी वही बघितली, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर मागं बसवून त्याच बांधावर नेलं. शेजाऱ्याला विचारलं, तर त्यानं मधे फवारणी केलेली आणि वारा आमच्या अंगाला. सर म्हणाले, “आता लिही. प्लॉट पडला, आणि का पडला तेही लिही.”

निरोपाच्या वेळी मी एवढंच लिहिलं होतं. समितीतल्या एका वरिष्ठांनी ते काढलं. “मंगल प्रसंगी अपयश कशाला?” छापलं काय, तर सागर, दीपस्तंभ, वटवृक्ष. नाव बदललं की कुणालाही चालेल असं. शाल-श्रीफळ झाल्यावर चहाच्या टेबलापाशी सर हळूच म्हणाले, “ती वही आहे काय रे अजून?”

तुमच्या मजकुराचा सांगाडा असा ठेवा: “सर, लोकरी माव्याच्या साली सगळे फवारत असताना तुम्ही आम्हाला पान उलटून अळी मोजायला लावली. पडलेला प्लॉट वहीतून गाळू दिला नाही. आज आम्हीही आमच्या पोरांना तो गाळू देत नाही.” तुमच्या सरांचं काम घाला यात. शोधनिबंधांची संख्या शेवटी एका ओळीत आली तर चालेल, न आली तरी चालेल.

आणि हो, किस्सा ज्या ज्युनियरचा असेल त्याला आधी विचारा. सगळ्यांनाच आपली चूक माईकवरून ऐकायला आवडत नाही. सरांच्या घरी कन्नड बोलत असतील तर शेजारी कन्नड मजकूरही छापा. आमच्या भागात यावरून वाद होतात, पण घरच्यांना वाचता आलं पाहिजे. समितीत ते वरिष्ठ असतील तर मजकूर त्यांना आदल्या रात्री दाखवू नका. मी दाखवला होता.