अरबीत गेलेले इंग्रजी शब्द आणि आमच्या गौरीचे नाव

«नोव्हेंबरमध्ये पत्नी आणि पहिलीत जाणाऱ्या मुलीसह शारजाला येतो आहे. व्हिसाची माहिती मिळाली आहे. एकच विचारायचे होते. तिथल्या रोजच्या अरबीत पुष्कळ इंग्रजी शब्द असतात असे ऐकतो, मग इंग्रजी येणाऱ्याने अरबीसाठी वेगळे कष्ट घ्यावेत का?»

घ्यावेत. शब्द इंग्रजी असले तरी ते तुम्हाला ओळख देणार नाहीत. इथे आलो त्या पहिल्याच महिन्यात माझ्या गाडीचे चाक बसले. अक्षरे नुकतीच शिकलो होतो, म्हणून समोरच्या टपरीवरची पाटी एकेक अक्षर जुळवून वाचली: बे, नून, शीन, रे. ‘बनशर’. शब्दकोशात तो सापडेना. दुकानातल्या पठाणाने चाकाकडे बोट दाखवून ‘पंचर’ म्हटले तेव्हा उजेड पडला. अरबीत प नाही, म्हणून ब आला. च नाही, म्हणून श आला. आणि ऱ्हस्व स्वर तर लिहितच नाहीत. पुढे याच शब्दाचे क्रियापदही होते आणि गाडी ‘बनशरते’. त्याच न्यायाने व चा फ होतो, म्हणून व्हिडिओ हा ‘फीदियो’ होतो. तीन टिंबांचा पे आणि तीन टिंबांचा फे जाहिरातींत कधीमधी दिसतात, पण साध्या कीबोर्डवर ते नसतात आणि सरकारी कागदावर त्यांच्यावर विसंबता येत नाही.

खरी अडचण ग ची आहे. प्रमाण अरबीत ग नाही, आणि प्रत्येक देशाने तो आपापल्या परीने भागवला आहे. कैरोत जीम हे अक्षर ग असे उच्चारतात, म्हणून मिसरी माणूस गूगल जीमने लिहितो. सीरिया-लेबनॉनकडचा तोच शब्द गैनने लिहितो. सौदीत अनेक जण दोन टिंबांच्या काफने लिहितात, कारण आखातातल्या बोलीत तो काफ पुष्कळदा ग सारखाच उच्चारला जातो. गॅरेज कैरोत जीमचे असते आणि इथे साध्या काफचे, म्हणजे ‘कराज’. यांतले कोणतेच चूक नाही आणि हीच पंचाईत आहे.

हे मी इतक्या तपशिलाने लिहितो आहे, कारण माणसाचे नावही अरबीत उसन्या शब्दासारखेच जाते. आमच्या मुलीचे नाव गौरी. तिच्या जन्मदाखल्यावर ते टंकणारा कारकून मिसरी असावा, कारण त्याने जीम घातला. पुढे ओळखपत्राचा अर्ज भरताना टायपिंग सेंटरमधल्या माणसाने गैन घातला. इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे एकच होते, त्यामुळे मी अरबी ओळीकडे पाहिलेच नाही. काही वर्षांनी एका दाखल्याच्या वेळी खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारले की या दोन मुली आहेत का. त्यानंतर चार खेपा झाल्या, एक प्रतिज्ञापत्र झाले, आणि दर वेळी मला एकच सांगण्यात आले की चूक आधीच्या कार्यालयाची आहे. म्हणून माझे ऐका: अर्जावर सही करण्यापूर्वी मुलीच्या नावाची अरबी अक्षरे एकेक करून तपासा, एकच लेखन ठरवा, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या प्रत्येक टंकलेखकाला तोच दाखवा. नावात प, च, ग किंवा व असेल तर विशेष जपा. पाटलांचे ‘बातील’ होणार हे गृहीत धरा.

शाळेत जन्मदाखला गेला होता. इथले शिक्षक जीमला ज म्हणतात, त्यामुळे गौरीची ‘जूरी’ झाली. जूरी हे एका गुलाबाचे आणि इकडच्या मुलींचेही नाव आहे, म्हणून कोणाला काही खटकले नाही.

अरबी हा विषय इथल्या खाजगी शाळांत आपल्या मुलांनाही नववीपर्यंत सक्तीचा असतो, आणि तिथला एक प्रसंग मला अजून डाचतो. पाचवीत तिने बँकेचे अनेकवचन ‘बनकात’ असे लिहिले आणि दोन गुण गेले. बस म्हणजे ‘बास’, तिचे अनेकवचन ‘बासात’. मग बँकेचे ‘बनकात’ का नाही, हा तिचा प्रश्न रास्त होता. मी शाळेत जाऊन तिच्यादेखत शिक्षिकेशी वाद घातला आणि तो हरलो, कारण उत्तर ‘बुनूक’ हेच होते. शिक्षिकेने नियम सांगितला नाही, मीही विचारला नाही. तो मला फार उशिरा कळला. अरबी कान आलेल्या शब्दातली व्यंजने मोजतो. ब-न-क अशी तीन ठसठशीत व्यंजने मिळाली की तो शब्द घरच्या साच्यात बसतो आणि आतले स्वर बदलून अनेकवचन होते: बनकचे बुनूक, कार्डचे ‘कर्त’ आणि त्याचे ‘कुरूत’, फिल्मचे ‘अफलाम’. चार व्यंजनांचाही साचा आहे, म्हणून टँकरचे ‘तनाकिर’ होतात. शब्द लांब असला, जसा ‘कंब्यूतर’, किंवा बाससारखा आखूड असला, की शेवटी फक्त ‘आत’ लागते. शेवटी ओ असेल तर मध्ये ह घालतात, म्हणून ‘रादियोहात’. नियम शंभर टक्के चालत नाही, पण भाड्याच्या घरांच्या पाट्यांवर ‘फिलल’ दिसले तर ते व्हिलाचे अनेकवचन आहे हे ओळखायला तो पुरतो.

लिंगाच्या बाबतीत मात्र मराठी माणूस हमखास घसरतो. आपण बस आणि बँक स्त्रीलिंगी करतो. बसला तर बहुधा गाडीचेच लिंग देतो. अरबी सहसा अर्थाकडे पाहत नाही, शब्दाच्या शेपटीकडे पाहते. व्यंजनाने संपला तर पुल्लिंगी, आ ने संपला तर स्त्रीलिंगी. म्हणून बास आणि बनक पुल्लिंगी, कामेरा आणि सिनेमा स्त्रीलिंगी. दारातल्या त्याच गाडीला इकडचे लोक ‘मोतर’ म्हणतात तेव्हा ती पुल्लिंगी असते आणि ‘सय्यारा’ म्हणतात तेव्हा स्त्रीलिंगी. टेबलासाठी आपल्याला नपुंसकलिंगाची सोय आहे, तशी इथे नाही. आणि निर्जीव वस्तूंच्या अनेकवचनाला प्रमाण अरबीत विशेषण स्त्रीलिंगी एकवचनी लागते, त्यामुळे एक फिल्म नवा असतो आणि अनेक अफलाम ‘नवी’ असते. हे पाठ करू नका, कानावर पडू द्या.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचारलेले नाही. सवय होते.

या शेपटीचा आणखी एक खेळ आहे. ‘केक’ म्हणजे सगळा केक हा पदार्थ. त्याचा एक नग हवा असेल तर शेवटी आ लावून ‘केका’ म्हणतात, आणि तो लगेच स्त्रीलिंगी होतो. गौरी लहानपणी घरात ‘मला एक केका दे’ म्हणायची. मी प्रत्येक वेळी ‘केक म्हण’ असे तिला दटावले. माझ्या कानाला ते बिघडलेले मराठी वाटायचे, आणि तिचे मराठी बिघडू नये ही माझी एकच हौस होती. ती अरबीचा नियम बिनचूक पाळत होती हे मला कळले तोवर ती कॉलेजला पुण्याला गेली होती. परवा फोनवर सांगत होती की तिथल्या बेकरीत तिने सवयीने ‘एक केका’ मागितली आणि काउंटरवरच्या काकांनी विचारले, ‘एक की दोन?’