टॉन्सिलवरचे पांढरे ठिपके आणि उरलेली अर्धी बाटली

"मॅडम, सहा वर्षांच्या मुलाला कालपासून ताप आहे. बॅटरी मारून घशाचा फोटो काढलाय, दोन्ही टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात. म्हणजे बॅक्टेरियाच ना? मागच्या वेळची अझिथ्रोमायसिनची अर्धी बाटली घरात आहे, सुरू करू का?"

बाटली उघडू नका आणि पोराला घेऊन या, एवढंच मी कळवलं. बालरोग दवाखान्यात डॉक्टरांच्या आधी पालकांशी बोलायचं काम माझ्याकडे असतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) या ताई अक्कलकोट रोडकडे शाळेचे गणवेश शिवतात. कामाचा खाडा नको म्हणून फोटोवर भागतंय का, हे त्यांना बघायचं होतं.

फोटो बरा होता. लाल, सुजलेले टॉन्सिल आणि त्यांच्या खळग्यांत पांढरट-पिवळट ठिपके. पण एक ठळक पांढरा डाग होता, तो ठिपका नव्हताच. लाळेवर फ्लॅश चमकला होता. दूध-दह्याचा थरही असाच फसवतो, त्यामुळे फोटो काढायचाच तर आधी पाण्याने चूळ भरायला लावावी.

खरे ठिपके म्हणजे सूज आल्यावर तिथे जमलेल्या पांढऱ्या पेशी आणि मेलेला थर. ती शरीराची लढाई आहे. समोर कोण आहे, ते त्यावरून कळत नाही. स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू असला तरी ठिपके येतात आणि अ‍ॅडिनोसारखा विषाणू असला तरी हुबेहूब तसेच येतात. म्हणून मी फोटो बाजूला ठेवला आणि विचारलं, "नाक गळतंय का? खोकला? डोळे?"

"नाक तर परवापासूनच गळतंय. खोकला आहे थोडा. डोळे लाल आहेत, पण ते रडून झाले असतील."

डोळे रडून लाल झालेले नव्हते. दोन्ही डोळ्यांना सकाळी चिपडं येत होती. जबड्याखाली बोट लावलं तर छोट्या गाठी होत्या, पण पोरगं कळवळलं नाही. वाहतं नाक, खोकला, बसलेला आवाज, लाल डोळे ही विषाणूची मंडळी. स्ट्रेप सहसा त्यांना सोबत आणत नाही. त्यात ताप एकदम चढतो, गिळताना जीव जातो, जबड्याखालच्या गाठी दुखतात, खोकला नसतो. लहान मुलांचं डोकं किंवा पोटही दुखतं. वय साधारण 5 ते 15. तीन वर्षांखाली तो क्वचितच.

डॉक्टरांनी तपासून विषाणूच सांगितला. वजनानुसार पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, कडक भाकरीऐवजी मऊ भात. ताईंचा चेहरा पडला. पैसे देऊन आलो आणि अँटिबायोटिक नाही!

त्याच आठवड्यात नऊ वर्षांची एक मुलगी आली. घशात एकही ठिपका नाही, नुसता लालभडक घसा. पण ना नाक, ना खोकला, आणि गाठीला हात लावू देईना. घशाचा स्वॅब घेऊन झटपट चाचणी केली, स्ट्रेप निघाला. फोटोवर गेलो असतो तर औषध नेमकं चुकीच्या पोराला मिळालं असतं.

स्ट्रेपला सोडून चालत नाही, कारण त्यातून पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. पण आजार सुरू झाल्यापासून 9 दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं तरी तो धोका टळतो. म्हणजे स्वॅबचा कल्चर रिपोर्ट यायला दोन दिवस लागले तरी काही बिघडत नाही. उलट रक्तातली एएसओ तपासणी करून आणणारे बरेच भेटतात. ती जुन्या संसर्गानंतरही वाढलेली असते, आजच्या घशाबद्दल फारसं सांगत नाही. स्ट्रेप ठरलाच तर पहिली पसंती पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनला, तेही पूर्ण 10 दिवस. ताप दुसऱ्या दिवशी उतरला तरी.

अर्ध्या बाटलीचं काय, ते ताईंनी जाताना पुन्हा विचारलंच. पाणी घालून तयार केलेलं ते सिरप थोडेच दिवस टिकतं, आणि अर्ध्या बाटलीत कोर्सही पुरा होत नाही. टाकून द्या म्हटलं.

त्याआधी एक गोष्ट मी विचारून घेतली होती, पाच वर्षांचा डीपीटीचा बूस्टर झालाय का. घटसर्पात पांढरट-करडा पापुद्रा टॉन्सिलला चिकटून बसतो, पसरतो आणि खरवडला तर रक्त येतं. तिथे थांबायचं नसतं. तसंच लाळ गळायला लागली, तोंड उघडेना, एकाच बाजूला सूज आली, श्वासाला त्रास झाला किंवा लघवी कमी झाली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट इस्पितळ गाठायचं. पाचव्या दिवशी ताप गेला, असा ताईंचा निरोप आला. ठिपके अजून थोडे दिसत होते, पण पोरगं शेंगाची चटणी मागत होतं.