एकगठ्ठा सराव की सरमिसळ? भरती परीक्षेच्या गणितांबद्दल वाचकांचे प्रश्न

तलाठी भरतीची तयारी करतेय. रोज एक प्रकरण घेऊन चाळीस गणितं सोडवते. नफा-तोट्याची छत्तीस-सदतीस बरोबर येतात, पण सराव परीक्षेत त्याच प्रकरणाची निम्मी चुकतात. गडबड कुठे होते? (बीड)

चाळीस गणितांच्या वर ‘नफा-तोटा’ असा मथळा छापलेला असतो, गडबड तिथे आहे. पहिली दोन-तीन गणितं झाली की कुठली रीत लावायची हे ठरवावंच लागत नाही. हात चालू राहतो, फक्त आकडे बदलतात. परीक्षेत मथळा नसतो आणि तिथे पहिलं काम असतं ते रीत ओळखण्याचं. नेमका तोच भाग चाळीस गणितांत एकदाही सरावात येत नाही.

६०० आणि २० हे दोनच आकडे घेऊन पाहा.

पहिलं: ६०० रुपयांना घेतलेली वस्तू २० टक्के नफ्याने विकली, तर विक्री किंमत किती?
दुसरं: वस्तू ६०० रुपयांना विकून २० टक्के नफा झाला, तर खरेदी किंमत किती?
तिसरं: वस्तू ६०० रुपयांना विकून २० टक्के तोटा झाला, तर खरेदी किंमत किती?
चौथं: ६०० रुपये छापील किमतीवर २० टक्के सूट दिली, तर विक्री किंमत किती?

उत्तरं अनुक्रमे ७२०, ५००, ७५० आणि ४८०. पर्यायांमध्ये बहुतेक वेळा ही चारही उत्तरं शेजारी-शेजारी बसवलेली असतात. दुसऱ्या गणितात ६०० चे २० टक्के, म्हणजे १२० वजा करून ४८० वर खूण करणारे पुष्कळ असतात. त्यांची वजाबाकी बरोबर असते, चुकतं ते ‘शंभर कशाला धरायचं’ हे. नफा आणि तोटा खरेदीवर मोजतात, म्हणून दुसऱ्यात ६०० म्हणजे १२० टक्के आणि तिसऱ्यात ६०० म्हणजे ८० टक्के. सूट छापील किमतीवर मोजतात, म्हणून चौथ्यात ६०० हेच शंभर टक्के.

ही चार गणितं एकाखाली एक आली की प्रत्येक वेळी थांबून ‘शंभर कोण?’ असं विचारावं लागतं. त्याऐवजी पहिल्या प्रकारची दहा, मग दुसऱ्याची दहा अशी सोडवली, तर तो प्रश्न दहा गणितांत एकदाच पडतो, तोही पुस्तक आपल्या वतीने सोडवून टाकतं.

महिनाभर प्रकरणं मिसळून सोडवतोय. आधी दहातली नऊ बरोबर यायची, आता सहा. मित्र म्हणतात, होतं ते बिघडवून घेतलंस. परत जुन्या पद्धतीवर जाऊ का? (सोलापूर)

नऊची सहा होणं या पद्धतीत अपेक्षितच आहे. अमेरिकेतल्या साउथ फ्लोरिडा विद्यापीठातले डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने चारही मिसळून. सराव करताना सलगवाल्यांची ८९ टक्के गणितं बरोबर आली आणि मिसळणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली, तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले होते, मिसळणारे ६३ वर.

शाळेच्या वर्गांतही हेच दिसलं. फ्लोरिडात सातवीच्या ५४ वर्गांवर झालेला मोठा प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सरावाचे संच संपल्यावर दोन्ही गटांनी सारखीच उजळणी केली आणि महिन्याने न सांगता परीक्षा घेतली. सरमिसळ करणाऱ्यांना सरासरी ६१ टक्के मिळाले, एकगठ्ठावाल्यांना ३८. मात्र मिसळलेले संच सोडवायला मुलांना थोडा जास्त वेळ लागला, हेही त्याच प्रयोगात नोंदवलं आहे. दिवसाची गणितं थोडी कमी होतील, ते मान्य करून चाला.

तेव्हा सरावातल्या गुणांवरून निकाल लावू नका. दर प्रकाराची दोन, अशी आठ-दहा न पाहिलेली गणितं बाजूला काढून ठेवा आणि त्या प्रकारांना हात न लावता सात दिवसांनी वेळ लावून सोडवा. तिथे आकडा वर सरकत असेल तर पद्धत लागू पडते आहे.

सरमिसळ करूनही तो सरकत नसेल, तर चुका तपासा. प्रत्येक चुकीपुढे ‘नि’ किंवा ‘आ’ लिहा. रीतच चुकीची निवडली असेल तर ‘नि’, रीत बरोबर पण आकडेमोड किंवा सूत्र चुकलं तर ‘आ’. ‘आ’ जास्त दिसले तर ती रीत अजून कच्ची आहे. अशा वेळी त्या प्रकाराची पाच-सहा गणितं सलग सोडवण्यात काहीच गैर नाही. ‘नि’ जास्त असतील तर मात्र सलग सोडवून उपयोग नाही. ज्या दोन प्रकारांत गल्लत होते तेच शेजारी-शेजारी घ्यायचे. सरळव्याज आणि चक्रवाढव्याज यांत गोंधळ असेल, तर ६०० रुपये, दसादशे २० दर, मुदत २ वर्षं हेच आकडे दोन्हीकडे घाला. सरळव्याजाने रास ८४० येते, चक्रवाढीने ८६४. वरचे २४ रुपये म्हणजे पहिल्या वर्षाच्या १२० रुपये व्याजावरचं व्याज. हे एकदा स्वतः काढून पाहिलं की फरक डोक्यात बसतो.

मिसळायचं म्हणजे नेमकं कसं? पुस्तक तर प्रकरणवारच असतं. (नांदेड)

चिठ्ठ्या करा. पुस्तकातल्या गणितांचे पान आणि क्रमांक छोट्या कागदांवर उतरवा (‘पा. ४२, ग. ७’ एवढंच, प्रकाराचं नाव लिहायचं नाही) आणि सगळ्या एका डब्यात टाका. पान उघडताना मथळा दिसतो, ही खरी अडचण. त्यावर पट्टी ठेवा किंवा आठवड्यातून एकदा बसून गणितं वहीत मथळ्याविना उतरवून घ्या. उतरवायचा कंटाळा असेल तर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आयत्या मिसळलेल्याच असतात. पण त्या आताच संपवून टाकू नका, शेवटच्या महिन्यासाठी निम्म्या राखून ठेवा.

नवं प्रकरण मात्र थेट डब्यात टाकू नका. सोडवलेली दोन उदाहरणं नीट वाचा, मग सहा ते आठ गणितं सलग करा. ओळीने चार बरोबर आली की त्या प्रकरणाच्या चिठ्ठ्या डब्यात जातील. त्यानंतर रोज बारा चिठ्ठ्या काढायच्या. त्यांत तीन-चार ताज्या प्रकरणाच्या याव्यात, बाकी मागच्या तीन-चार प्रकरणांच्या, एवढा अंदाज पुरे. एकाच प्रकाराच्या दोन लागोपाठ आल्या तरी बदलू नका. लागोपाठ कधीच येत नाही हे मेंदूला कळलं, की ‘मागचं नफ्याचं होतं, म्हणजे हे नफ्याचं नाही’ असा फुकटचा अंदाज लावता येतो.

आणखी एक सवय लावून घ्या. गणित वाचल्यावर आकडेमोड सुरू करण्याआधी समासात एक शब्द लिहा: शंभर कोण? खरेदी, छापील, मुद्दल की मागच्या वर्षीची संख्या. चुकलं तर नंतर वही पाहून घसरण कुठे झाली ते लगेच कळतं. बारा गणितांना सुरुवातीला अर्धा तास लागेल, लागू द्या. उत्तर मात्र दर गणितानंतर लगेच तपासा. बारा सोडवून मग तपासलं, तर चुकीची निवड बारा वेळा पक्की होते.

हीच पद्धत मराठी व्याकरण, इतिहास आणि शब्दसंग्रहालाही चालेल का? (रत्नागिरी)

व्याकरणाला झकास चालते, कारण तिथे सगळा खेळ ओळखण्याचाच आहे. प्रयोग घ्या. कर्मणीची वीस वाक्यं सलग केली, की ‘ने’ दिसला की कर्मणी, असा चोरटा नियम मनात तयार होतो. आता ही तीन एकत्र पाहा: ‘मुलगा आंबा खातो’, ‘मुलाने आंबा खाल्ला’, ‘मुलाने बैलाला मारले’. दुसऱ्या आणि तिसऱ्यात दोन्हीकडे ‘ने’ आहे, पण आंब्याच्या जागी चिंच घातली की ‘खाल्ली’ होतं, म्हणून दुसरं कर्मणी. बैलाच्या जागी गाईला घाला, ‘मारले’ जसंच्या तसं राहतं, म्हणून तिसरं भावे. शब्द बदलून क्रियापद हलतं का पाहणं, ही कसोटी तिन्ही शेजारी असतील तेव्हाच हाताशी येते. समासातही तसंच. ‘नवरात्र’ द्विगू, ‘दशानन’ बहुव्रीही, आणि संख्या दोन्हीकडे आहे. एकत्र पाहिल्याशिवाय हा सापळा दिसत नाही.

इतिहासाचं प्रकरण वाचताना मात्र मिसळू नका. सलग घडत गेलेली गोष्ट तुकडे करून वाचली, तर धागाच तुटतो. प्रश्न सोडवताना मिसळा. शब्दसंग्रहाबद्दल संशोधनाचा कल उलटा आहे. २०१९ मध्ये मथियास ब्रुनमेयर आणि टोबियास रिख्टर यांनी आधीच्या प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा चित्रांच्या शैली ओळखण्यात सरमिसळीचा फायदा सर्वांत ठळक निघाला, गणितात मध्यम, आणि शब्दांच्या सरावात एकगठ्ठा पद्धतच सरस ठरली. ज्यांत गल्लत होते असे जवळचे प्रकार मिसळण्यात अर्थ आहे. एकमेकांशी संबंध नसलेले मिसळले, तर निवडायला काही उरतच नाही.

दर दहा मिनिटांनी विषय बदलतो: गणित, मग चालू घडामोडी, मग इंग्रजी. हीसुद्धा सरमिसळच ना? (ठाणे)

नाही, ही नुसती धावपळ झाली. चालू घडामोडी आणि व्याजाचं गणित यांत गोंधळ होण्याचा प्रश्नच नाही. तासभर गणितच ठेवा आणि त्या तासाच्या आत प्रकार बदला.

परीक्षा चार दिवसांवर आली आहे. आजवर सगळं प्रकरणवारच केलंय. आता मिसळायला सुरुवात करू का? (अहिल्यानगर)

करा, पण नवं प्रकरण उघडू नका. दोन दिवस रोज दोन मिसळलेले संच, प्रत्येकी बारा गणितांचे, फक्त पक्क्या प्रकरणांतले. ‘नि’ खूण जिथे पडेल त्या जोड्या तिसऱ्या दिवशी शेजारी-शेजारी घ्या. चौथ्या दिवशी मागच्या वर्षाची एक प्रश्नपत्रिका पूर्ण वेळ लावून सोडवा. गुण घसरलेले दिसतील, पण त्याच दिवशी रात्री घाबरून पुन्हा प्रकरणवार चाळीस गणितं सोडवायला बसू नका.