गोष्टीत धृपद कुठे परत आणायचं?

प्रश्न : शाळेच्या कार्यक्रमासाठी दहा मिनिटांची गोष्ट कीर्तनासारखी सांगायची आहे. धृपद किती वेळा घ्यावं आणि कुठे? पेटी-तबला नसेल तर चालेल का?

धृपद म्हणजे अभंगातली फिरून फिरून म्हणायची ओळ. ती किती वेळा घ्यायची हे मोजत बसू नका. कुठे, एवढं बघा. मी बरीच वर्षं आमच्या गावच्या रामनवमी उत्सवात पेटीला बसतो आणि या एका गोष्टीवरून एका तरुण कीर्तनकाराशी माझं वाजलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या दिवशी निरूपणाला तुकोबांचा ‘जे का रंजले गांजले’ होता आणि उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या, गोष्टीच्या भागात, एकनाथांचं आख्यान. काशीची गंगा कावडीतून रामेश्वराला न्यायची, वाटेत वाळूत एक गाढव तहानेने तडफडतंय, नाथ कावडीतलं पाणी त्याच्या तोंडात ओततात. धृपद ‘तोचि साधु ओळखावा, देव तेथेचि जाणावा’. यापेक्षा सोपी जोडी मिळणार नाही.

महाराज रंगात आले. गाढव पडलेलं आहे, नाथांनी कावड खाली ठेवली आहे, आणि नेमकं तिथे त्यांनी धृपद उचललं. नुसतं उचललं नाही, तर ताना घेतल्या. तबलजी पोरगा हुशार, त्याने ठेका दुगुनीत नेऊन तिहाई मारली. मंडप टाळ्यांनी दणाणला. आणि गाढव? ते तसंच वाळूत. टाळ्या संपल्यावर महाराज म्हणाले, ‘तर नाथांनी पाणी पाजलं’, आणि कुणाला काहीच वाटलं नाही. सगळ्यांच्या नजरा तबल्याकडे होत्या. श्रोता वक्त्याला सोडून साथीदाराकडे बघू लागला की गोष्ट हातातून गेली समजा.

नंतर चहाला मी बोललो, तर उत्तर आलं, ‘लोकांनी टाळ्या दिल्या ना?’ दिल्या, पण त्या तिहाईला दिल्या!

आता हेच आख्यान मी कसं बसवलं असतं ते सांगतो. नाथ आणि मंडळी कावड घेऊन निघाली, उन्हातान्हातून चालताहेत, हा प्रवास एका साकीत, म्हणजे चालीवर म्हणायच्या छोट्या पद्यात, उरकायचा. मग गद्यात : ‘प्रत्येकाचं लक्ष एकच, रामेश्वर कधी येतो. देव तिथे भेटणार.’ आणि लगेच फक्त अर्धी ओळ, ‘देव तेथेचि जाणावा’. श्रोता समजतो, देव रामेश्वरात. समजू द्या.

मग गाढव दिसतं. बरोबरची माणसं म्हणतात, ‘अहो नाथबाबा, एवढ्या लांबून आणलेली गंगा, ती गाढवाला?’ इथेही तीच अर्धी ओळ, पण खालच्या स्वरात, ठेक्याशिवाय. आता तीच ओळ रामेश्वराकडे बोट दाखवते की वाळूकडे, हे श्रोत्याला कळेनासं होतं. गोष्ट तिथे पोचवायची असते.

यानंतर पाणी पाजेपर्यंत एक स्वर नाही. पेटीसुद्धा बंद. गाढव उठतं, मंडळी गप्प होतात, नाथ म्हणतात, ‘माझा रामेश्वर इथेच पावला.’ आणि मग अभंगातलाच पुढचा चरण, ‘ज्यासी आपंगिता नाही, त्यासी धरी जो हृदयी’, त्यावरून पहिल्यांदा पूर्ण धृपद, भजनी ठेक्यात, सगळ्यांनी मिळून. तान घ्यायची असेल तर इथे घ्या, हवी तेवढी.

म्हणजे ओळ एकही अक्षर बदलत नाही, पण प्रत्येक वेळी गोष्ट पुढे सरकलेली असते. परत आल्यावर ओळीचा अर्थ मागच्याइतकाच राहिला, तर ती परतफेरी काढून टाका. आणि गद्यातलं शेवटचं वाक्य असं ठेवा की धृपदाने त्याला उत्तर दिल्यासारखं वाटेल. ‘आता ऐकू या धृपद’ म्हणावं लागलं तर सांधा बसलेला नाही. स्वराचंही तसंच. वाक्याच्या शेवटी बोलण्याचा आवाज षड्जाजवळ आणून ठेवला की गाणं आपोआप सुरू होतं. नाहीतर बोलणं एका पट्टीत, गाणं दुसऱ्या, आणि मधे पेटीवाला सूर शोधतोय. आमच्या महाराजांचं हेही व्हायचं, पण तो वाद वेगळा.

हे सगळं नारदीय कीर्तनाबद्दल. वारकरी कीर्तनात असं आख्यान नसतं. तिथे अभंगाचं चरणागणिक निरूपण चालतं, दृष्टांत छोटा असतो आणि धृपद टाळकरी उचलून धरतात, त्यामुळे तिथे माझा हिशोब लावू नका. शिवाय मुलं लहान असतील तर मधली ठेक्याशिवायची जागा त्यांना झेपेलच असं नाही. तिथे ओळ नुसती बोला.

पेटी-तबला नसला तरी चालतं. एक टाळजोडी आणि शेवटचं धृपद उचलायला आधी सांगून ठेवलेली चार मुलं पुरेत. खरं तर तबला नाही हे बरंच आहे.